एका स्कूपमध्ये सगळं? क्रिएटिन, बीटा-ॲलानिन आणि खायचा सोडा

प्रतिक्रिया: "प्री-वर्कआउट पावडरवरचे पैसे फुकट जातात हे तुमचं म्हणणं पटलं नाही. माझ्या डब्यावर एका स्कूपमध्ये 2 ग्रॅम क्रिएटिन, 1.6 ग्रॅम बीटा-ॲलानिन आणि 200 मिलिग्रॅम कॅफीन लिहिलंय. घेतलं की अंगाला मुंग्या येतात आणि वर्कआउट जबरदस्त होतो. मग काम करत नाही कसं? आणि खायच्या सोड्याचं नावही तुम्ही घेतलं नाहीत. मी कळव्याची, वजन 60 किलो, पोलीस भरतीच्या 800 मीटरची तयारी चालू आहे, आठवड्यातून 4 दिवस जिम."

उत्तर:

आकडे दिलेत हे बरं केलंत, हिशेबच मांडता येतो. जबरदस्त वाटतं ते खरं आहे, पण ती करामत कॅफीनची. 200 मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या वजनाला किलोमागे 3 मिलिग्रॅमहून थोडं जास्त, आणि तेवढ्यात फरक जाणवतोच. मुंग्यांचा मात्र ताकदीशी काही संबंध नाही. बीटा-ॲलानिन एकदम पोटात गेलं की त्वचेतल्या मज्जातंतूंना चाळवतं, एवढाच त्याचा अर्थ.

क्रिएटिन आणि बीटा-ॲलानिन त्या दिवशी काम करत नाहीत. दोन्ही स्नायूत साठावी लागतात, त्यामुळे वर्कआउटच्या आधी घेतलं की नंतर याला महत्त्व नाही. रोज घेतलं का, याला आहे. तुमचं क्रिएटिन आठवड्याला 8 ग्रॅम होतं, लागतं किमान 21. बीटा-ॲलानिन होतं 6.4 ग्रॅम, म्हणजे रोजच्या 3.2 ग्रॅमच्या हिशेबाने फक्त दोन दिवसांचं. रोज एक स्कूप घेतलात तरी दोन्हींचा डोस अपुराच पडेल, वर सुट्टीच्या दिवशीही कॅफीन पोटात जाईल आणि संध्याकाळी घेतलंत तर झोपेचं खोबरं. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट आणि साधं बीटा-ॲलानिन सुटं घ्या. क्रिएटिन रोज 3 ग्रॅम, कधीही. बीटा-ॲलानिन 0.8 ग्रॅम, दिवसातून चार वेळा, तीन-चार तासांच्या अंतराने. मुंग्या जवळजवळ थांबतील. परिणाम पाहायला दोन्हींना किमान चार आठवडे द्या.

ही दोन एकत्र घेतल्याने एकमेकांचा जोर वाढत नाही, कारण दोघांची कामं वेगळी. क्रिएटिन काही सेकंदांच्या जोरासाठी, म्हणजे भरतीतल्याच 100 मीटर आणि गोळाफेकीसाठी. त्याने पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं आणि ते 800 मीटरभर वाहून न्यावं लागतं. म्हणूनच रोज 20 ग्रॅमचं लोडिंग तुम्ही करू नका. बीटा-ॲलानिन स्नायूत कार्नोसिन वाढवतं, आणि ते जोरात पळताना साचणारं आम्ल तिथेच शोषतं. एक ते चार मिनिटांच्या दमात याचा उपयोग सगळ्यात जास्त दिसतो आणि तुमचे 800 मीटर नेमके त्यातच बसतात.

आता सोडा. तो रक्तातली आम्ल झेलण्याची ताकद वाढवतो, त्यामुळे स्नायूतलं आम्ल बाहेर पडायला वाट मिळते. एक आतून, एक बाहेरून, म्हणून बीटा-ॲलानिन आणि सोडा या जोडीला अर्थ आहे. काही अभ्यासांत दोन्ही मिळून जास्त फायदा दिसला, काहींत नाही. दिसला तरी बहुतेक वेळा तो लहानच असतो. या सगळ्या यादीतून नवीन भर घालणारी जोडी मला तरी हीच वाटते.

सोड्याचं प्रमाण किलोमागे 0.2 ते 0.3 ग्रॅम. तुम्ही खालच्या टोकापासून, 12 ग्रॅमपासून सुरुवात करा, आणि चमच्याने नाही, वजनकाट्यावर मोजून. पळण्याच्या दोन-अडीच तास आधी थोडे पोहे किंवा ब्रेड-जॅम खा. मग 4-4 ग्रॅम सोडा पाण्यात पूर्ण विरघळवून, पंधरा-पंधरा मिनिटांनी तीनदा. एकूण पाणी अर्धा लिटर. पोट तट्ट भरलेलं असताना नको, जठरातल्या आम्लाशी मिसळून त्याचा गॅस होतो. बेकिंग पावडर किंवा फ्रूट सॉल्ट चालत नाही. त्यांत आम्ल आधीच असतं, सोडा तिथेच खर्ची पडतो. प्री-वर्कआउटमध्ये सोडा ढवळला की फसफसतो त्याचंही कारण बहुतेकदा हेच, चवीसाठी घातलेलं सायट्रिक ॲसिड. 12 ग्रॅम सोड्यात सुमारे 3.3 ग्रॅम सोडियम असतं, दिवसभराच्या 2 ग्रॅमच्या मर्यादेहून जास्त. बीपी, किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल तर हा प्रयोगच नको.

पहिली चाचणी ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या ट्रॅकवर, साध्या सरावाच्या दिवशी घ्या. शौचालय जवळ आहे ना ते आधी बघा, कारण जुलाब लागले तर मिळालेला फायदा तिथेच संपतो. आठवडाभराने तशाच हवेत, तेवढ्याच विश्रांतीनंतर, सोड्याशिवाय वेळ घ्या. असं दोनदा झालं की फरक सोड्याचा आहे की त्या दिवसाचा, ते कळेल.

भरतीच्या दिवशी मात्र मी सोडा टाळेन. पहाटे बोलावतात आणि तुमचा नंबर सहाला येईल की दहाला, ते कुणीच सांगत नाही. सोड्याचा जोर तासा-दोन तासांत चढतो आणि नंतर ओसरतो. बीटा-ॲलानिन आणि क्रिएटिनला वेळेची अट नाही, ती महिनाभर आधीच स्नायूत जमा झालेली असतात.