खुलासा : कपाळाचे केस मागे सरकतात ते मचूळ पाण्यामुळे?

"उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं, म्हणून मुलींचे केस कपाळावरून मागे जातात. वेणी घट्ट घाला, केस वाढतील."

खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण ते सगळीकडे सारखेच. मालवणकडच्या नववीतल्या एका मुलीचे फक्त कानांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले होते. शाळेच्या दोन घट्ट वेण्या, रिबिनीने वर दुमडलेल्या, सणावाराला त्यावर अबोलीचा वळेसर. केसांच्या रेषेवर बारीक लव तेवढी शिल्लक आणि मुळाशी पुटकुळ्या. हे ओढीचं काम. वेणी सोडल्यावर डोकं ठणकत असेल तर ती घट्टच आहे, आजी काही म्हणो. सैल बांधली की काही महिन्यांत केस परततात. वर्षानुवर्षं ओढ राहिली तर मुळं मरतात, मग तेलही व्यर्थ.

तापानंतर किंवा जेवण तोडल्यावर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस गळतात, ते वेगळं. तेव्हा हिमोग्लोबिनसोबत शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिनही तपासावं.

भांग रुंदावतोय आणि पाळी अनियमित आहे, मुलाच्या कपाळाचे कोपरे मागे जातायत किंवा नाण्याएवढं टक्कल पडलंय, तर थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.