लसूण की पोळी?

«कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. महिनाभर वही लिहिली, तरी काय बाधतं ते कळेना. सगळंच बंद करू का?»

ताई, सगळं नका बंद करू. मीही आधी वहीत फक्त पदार्थ लिहायचे आणि पोट फुगलं की शेवटच्या घासाला दोष द्यायचे. लसणातलं फ्रुक्टन, म्हणजे आपल्याला न पचणारं एक कर्बोदक, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, त्याला काही तास लागतात. म्हणून वेळ, प्रमाण आणि शौच कडक की पातळ, तेही लिहा.

आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मी चार आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध बंद ठेवलं. पोट शांत झाल्यावर बाकी पथ्य तसंच ठेवून एकेक पदार्थ तपासला. पोळी पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग तीन: काहीच झालं नाही. तीन दिवस थांबून लसूण घेतला. पाव पाकळी पचली, अर्धीला रात्री गुबारा आणि सकाळी पातळ. वर्षभर मी उगाच पोळीला नावं ठेवत होते! आता लसूण तेलात तळून पाकळ्या काढून टाकते. फ्रुक्टन तेलात उतरत नाही, वास मात्र राहतो.

गव्हामुळे आतड्याला इजा होते तो सिलिअॅक आजार तर नाही ना, याची रक्ततपासणी गहू सोडण्याआधी करून घ्या, नंतर ती चुकीची येऊ शकते. शौचात रक्त किंवा वजन घटत असेल तर आधी डॉक्टर गाठा.