थकबाकीचा खर्च दोनदा लिहू नये

परवा संध्याकाळी कट्ट्यावर नानासाहेब आपली वही उघडून बसले आणि नव्या मीटरने दोन महिन्यांत 6,530 रुपयांची वीज फुगवली, असे त्यांनी जाहीर केले. नानासाहेब प्रत्येक बिलावरचा फक्त सर्वांत मोठ्या अक्षरांतला आकडा वाचतात, आणि तोच आयुष्यातले अंतिम सत्य असल्याप्रमाणे लाल शाईने लिहितात.

बँकेतून निवृत्त झालेल्या वसुधाताईंनी दोन्ही बिले मागून घेतली. जूनच्या बिलाचे 2,130 रुपये भरायचे राहिले होते. जुलैच्या बिलात चालू आकार 2,240, मागील थकबाकी 2,130 आणि विलंब आकार व व्याज 30, असे एकूण 4,400 रुपये देय होते. "नाना, जूनचे 2,130 तुम्ही एकदा जूनच्या ओळीत लिहिलेत आणि पुन्हा जुलैच्या पोटात लिहिलेत. खर्च 4,400 चाच आहे," असे त्या म्हणाल्या. वहीत त्या महिन्याचा चालू आकार वेगळा आणि प्रत्यक्ष भरलेली रक्कम वेगळी लिहावी, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते.

"पण युनिटे तर वाढली ना? 198 ची 211 झाली!" नाना सहजासहजी हरणारे नव्हते. त्यावर ताईंनी रीडिंगच्या तारखांवर बोट ठेवले. पहिले बिल 6 मे ते 6 जून, म्हणजे 31 दिवसांचे होते. दुसरे 6 जून ते 10 जुलै, म्हणजे 34 दिवसांचे. दिवसाचा हिशेब केला तर 6.4 युनिटांवरून वापर 6.2 वर उतरला होता. बिलावर महिन्याचे नाव छापलेले असले, तरी त्यातली वीज बहुतांशी आधीच्या महिन्यात वापरलेली असते, हे आम्हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

"आणि माझ्या मे महिन्याच्या बिलावर चालू रीडिंगच नव्हते, त्याचे काय?" असे सुरेशने विचारले. त्याच्या घराला कुलूप होते, त्यामुळे बिल सरासरीने आले होते. असे बिल वापर म्हणून नोंदवू नये, त्यापुढे "सरासरी" असे लिहून ठेवावे आणि खरे रीडिंग आल्यावर दोन्ही महिन्यांची युनिटे एकत्र मोजावीत, असे ताईंनी सांगितले. तसे न केल्यास एका महिन्यात वापर घटल्याचा आणि पुढच्या महिन्यात तो अचानक उसळल्याचा भास होतो. मीटरवरचा आकडा दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतः टिपून ठेवला, तर हा घोळ लगेच पकडता येतो.

नानांनी वही मिटली. एवढ्यात सुरेशने कोजागिरीच्या मिसळीचे त्यांच्याकडे राहिलेले 180 रुपये मागितले, तेव्हा नाना ताडकन म्हणाले, "ती थकबाकी आहे, ती या महिन्याच्या खर्चात धरू नये, असे आत्ताच ठरले आहे!" त्यानंतर कोणालाही काही बोलता आले नाही, कारण वसुधाताईच सर्वांत मोठ्याने हसत होत्या.