घोटा मोडला, अर्ज उभा राहिला

घोट्याचं हाड मोडलं की माणूस आडवा होतो, असा लोकांचा समज आहे. सरकारी माणूस आधी अर्ज करतो.

कळव्यात रिक्षातून उतरताना माझा पाय खड्ड्यात गेला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि कागदावर 'सहा आठवडे विश्रांती' एवढंच खरडलं. बायको तो कागद आणि अर्ज घेऊन ठाण्याला आमच्या आस्थापना शाखेत गेली. तिथल्या भाऊसाहेबांनी कागद उलटासुलटा करून सांगितलं, "वहिनी, हा सल्ला झाला, प्रमाणपत्र नव्हे. आजार कुठला, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, सही, शिक्का. नुसते सहा आठवडे आम्ही कधीपासून मोजायचे?"

डॉक्टरांनी पुन्हा लिहिलं: 1 जुलै ते 11 ऑगस्ट. म्हणजे बेचाळीस दिवस. मधले रविवारही रजेतच धरायचे. त्या दिवशीही मी आजारीच असणार ना.

पुढचा प्रश्न, रजा कुठली? अर्जित रजा साठवली तर निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात, तिला हात लावायचा नाही. म्हणून 'परिवर्तित रजा' मागितली. हिच्यात पगार पूर्ण मिळतो, पण अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. बेचाळीसचे चौऱ्याऐंशी. अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस जमते. म्हणजे एका खड्ड्यात माझी चार वर्षांहून जास्त कमाई गेली. महापालिकेनं नुसता खड्डा ठेवला होता, हिशेब आम्हीच केला.

मग कार्यभार. माझं टेबल सांभाळणारा सहकारी छापील तक्ता घेऊन घरी आला. प्रलंबित प्रकरणांची यादी, आवक नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, गोल शिक्का, कपाटाच्या किल्ल्या, सगळं त्यानं निगुतीनं लिहून घेतलं. अडलं ते खालच्या खणातल्या सुतळीनं बांधलेल्या गठ्ठ्यापाशी. त्यात काय आहे हे मला माहीत नाही. माझ्या आधीच्यालाही नव्हतं. मी तो 'जसा आहे तसा' घेतला होता. तो म्हणाला, "दादा, मीपण तसाच घेतो, पण तसं लिहा." लिहिलं. मग पेन थांबलं. "कार्यभार मध्यान्हपूर्व दिला की मध्यान्होत्तर?" घड्याळात बरोबर बारा वाजले होते. आम्ही पंधरा मिनिटं चहा प्यायलो आणि 'मध्यान्होत्तर' लिहिलं.

रजा मंजूर झाली. आदेशाच्या तळाशी एक ओळ होती: तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय रुजू करून घेतलं जाणार नाही. तेही आणलं. डॉक्टरांनी प्रेमानं लिहिलं होतं, 'कामावर हजर होण्यास योग्य. काही दिवस जिने टाळावेत.'

आमची शाखा तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट दुरुस्तीला गेलेली. जिने चढून मी ते प्रमाणपत्र भाऊसाहेबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा वर केला. "जिने टाळायचेत, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नाही. ती ओळ डॉक्टरांकडून खोडून आणा. आणि हो, खोडल्याच्या शेजारी त्यांची सही लागेल."