त्सुनामीच्या वेळी होड्या बंदरात आणू नका

*“समुद्रात ७ रिश्टरच्या वर भूकंप झाला की त्सुनामी येणारच. धक्क्याने डोंगराएवढी लाट उठते, किनाऱ्याकडे येता येता तिचा जोर कमी होतो. म्हणून समुद्रातल्या सर्व होड्यांनी ताबडतोब बंदर गाठावे. लाटेआधी समुद्र नेहमी मागे हटतो, तो हटला तरच पळायचे. पुढे पाठवा!”*

आमच्या गावच्या ग्रुपवर हा मेसेज आतापर्यंत तीनदा आला आहे. त्यातल्या शेवटच्या दोन सूचनांनी माणसं दगावू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिला मुद्दा, ७ रिश्टरचा. घरातली परात पाण्याने अर्धी भरा आणि काठावर टिचकी मारा. पाण्यावर बारीक थरथर उमटते आणि विरते. आता परातीची एक बाजू झटकन बोटभर उचला. सगळं पाणी समोरच्या काठावर धावून जातं. त्सुनामी या दुसऱ्या प्रकारातली आहे. ती हादऱ्याने होत नाही, समुद्राचा तळ वर किंवा खाली सरकल्याने होते.

२६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून अंदमानपर्यंत हेच झालं. तिथे भारतीय भूपट्ट शेजारच्या पट्टाखाली हळूहळू सरकतो. दोघांची कड एकमेकींत अडकली की वरच्या पट्टाची कडही खाली ओढली जाते आणि शेकडो वर्षं वाकत राहते. त्या सकाळी ती सुटली. सुमारे १२०० किलोमीटर लांबीची भेग आठ-दहा मिनिटांत फाटत गेली आणि समुद्रतळाचा लांबच लांब पट्टा काही मीटर वर उचलला गेला. पट्टा एवढा रुंद आणि उचल एवढी झटपट, की वरच्या पाण्याला बाजूला व्हायला सवड मिळाली नाही. तळावर जो उंचवटा आला तोच पाण्याच्या पृष्ठभागावर उमटला आणि दोन्ही बाजूंना पसरू लागला.

११ एप्रिल २०१२ ला सुमात्राच्याच पश्चिमेला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्या पूर्व किनाऱ्यापर्यंत माणसं घराबाहेर पळाली. पण त्यात खडकाचे तुकडे आडवे, एकमेकांना घासून सरकले होते. तळ फारसा उचललाच गेला नाही. सुमात्राच्या किनाऱ्यावर सर्वांत जास्त नोंद झाली ती मीटरभराची. याउलट ऑक्टोबर २०१० मध्ये सुमात्रालगतच्या मेंतावाई बेटांजवळचा भूकंप ७.८ चा, म्हणजे ऊर्जेने साधारण सोळापट लहान. हादरेही सौम्य जाणवले. तरीही त्सुनामीने चारशेहून जास्त माणसं नेली, कारण सरकलेला भाग तळाच्या अगदी वरच्या थरातला होता. म्हणूनच हैदराबादचं इन्कॉइसचं इशारा केंद्र रिश्टरच्या आकड्यावर थांबत नाही. खोल समुद्राच्या तळाशी पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं ठेवलेली असतात, त्यांच्या नोंदीही पाहिल्या जातात.

दुसरा मुद्दा, उंचीचा. मेसेजची मुख्य चूक इथे आहे, कारण तो खरी गोष्ट नेमकी उलटी करून सांगतो. २००४ च्या भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी समुद्राची उंची मोजणारा जेसन-१ हा उपग्रह योगायोगाने बंगालच्या उपसागरावरून गेला. भर समुद्रात त्याला आढळलेली लाट सुमारे ६० सेंटीमीटरची होती. आपल्या बंदरात रोजची भरती याहून जास्त चढते. आणि ही लाट एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत शेकडो किलोमीटर लांब असते, त्यामुळे तिच्यावरचं जहाज कित्येक मिनिटं घेऊन अलगद वर जातं आणि तसंच खाली येतं. जहाजावरच्या माणसाला कळतही नाही.

वाऱ्याची लाट पाण्याच्या वरच्या थरातच खेळते. त्सुनामीत पृष्ठभागापासून तळापर्यंतचं सगळं पाणी हलतं, म्हणून तिचा वेग खोलीवर ठरतो. नियम सोपा आहे, त्यात v म्हणजे वेग, g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण आणि h म्हणजे पाण्याची खोली:

v = √(g × h)

खोली ४००० मीटर धरली तर वेग सेकंदाला जवळपास २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर येतो. विमानाच्या जवळपास. सकाळी साडेसहाला सुटलेली लाट नऊच्या सुमारास चेन्नईला पोचली ती यामुळेच. खोली १० मीटर राहिली की तीच लाट सेकंदाला १० मीटरवर, ताशी ३६ किलोमीटरवर येते.

दोन शिखरांमधली वेळ मात्र वाटेत बदलत नाही. ती अर्धा तास धरू. मग खोल पाण्यात लाटेची लांबी सुमारे ३५० किलोमीटर होते आणि दहा मीटर पाण्यात जेमतेम १८. पुढचा भाग मंदावलेला, मागचा अजून धावतच असलेला, त्यामुळे सगळी लाट दाबली जाते. ऊर्जा मधल्यामध्ये फारशी संपत नाही. वाहून येणारी ऊर्जा ही वेग आणि उंचीचा वर्ग यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वेग विसावा हिस्सा झाला तर उंचीचा वर्ग वीसपट, म्हणजे उंची साधारण साडेचारपट व्हायला हवी. ६० सेंटीमीटरचे २.७ मीटर झाले. याच्या पुढे हा हिशोब पुरत नाही. निमुळत्या खाडीत पाणी कोंडून आणखी चढतं, जमिनीवर वेगाने चढताना आणखी उंच जातं. जिथून भूकंप जवळ होता त्या सुमात्रातल्या आचे प्रांतात काही ठिकाणी ते ३० मीटरच्या वर चढलं. आणि ते मिनिटामिनिटाने आत येतच राहतं, नेहमीच्या लाटेसारखं फुटून परत जात नाही.

आता होड्या. वरचा हिशोब लक्षात घेतला तर उथळ बंदर हीच सर्वांत वाईट जागा ठरते. ‘त्सुनामी’ हा जपानी शब्दच बंदर आणि लाट या दोन शब्दांचा जोड आहे. इशारा आला तेव्हा तुमची होडी समुद्रात असेल तर जितक्या जास्त वाव खोल पाण्यात जाता येईल तितकं बाहेर जा. कोकणापुढचा समुद्र बराच दूरवर उथळ आहे, तरी चाळीस वाव पाणी बंदरातल्या चार वावांपेक्षा कितीतरी बरं. होडी बंदरात बांधलेली असेल तर ती तिथेच सोडा आणि पायी उंचावर जा. पहिली लाट सर्वांत मोठी असेलच असं नाही, आणि खाडीतले ओढ कित्येक तास टिकतात. म्हणून इशारा मागे घेतल्याशिवाय कोणीही आत येऊ नये.

शेवटचा मुद्दा. पट्टाची कड सुटते तेव्हा समुद्राकडची बाजू वर येते आणि मागची बाजू खचते. २००४ ला खचलेली बाजू थायलंडकडे होती, म्हणून तिथे आधी समुद्र ओसरला. वर आलेली बाजू भारत-श्रीलंकेकडे होती, तिथे पाणी थेट चढूनच आलं. निकोबारमधला इंदिरा पॉइंट त्या दिवशी चार मीटरहून जास्त खचला आणि तिथल्या दीपस्तंभाचा पायथा पाण्यात गेला.

पाणी मागे हटताना दिसलं तर पळायलाच हवं. पण ते हटण्याची वाट पाहत किनाऱ्यावर थांबायचं नाही. अरबी समुद्रात असा धोका आहे तो पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यालगत. तिथे भूपट्ट उत्तरेकडे खाली जातो, म्हणजे उचलली जाणारी कड समुद्राच्याच बाजूला असते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईत दोन मीटरच्या आसपास पाणी चढलं. माणसं वाहून गेली. एवढ्या लांबचा हादरा आपल्या पायांना जाणवेलच असं नाही. तेव्हा इशारा आला की वाळूवर उतरून पाणी बघायला जाऊ नका.