"क्लोरीन कमी करा" या रिव्ह्यूला आमचं उत्तर (गंगापूर रोड, नाशिक)

रिव्ह्यू, 2 स्टार: "रोज पहाटेच्या बॅचला येतो. थंडी सुरू झाल्यापासून पोहून बाहेर पडलो की घसा खवखवतो आणि कोरडा खोकला थांबतच नाही. शेडमध्ये पाय ठेवला की क्लोरीनचा वास नाकात जातो. एवढं क्लोरीन कशाला मारता? कमी करा."

नमस्कार दादा, क्लोरीन कमी केलं तर तुमचा त्रास उलट वाढेल. कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाकीच्या बॅचवालेही हेच विचारतात.

तो उग्र वास चांगल्या, म्हणजे फ्री क्लोरीनचा नाहीच. पोहणाऱ्यांचा घाम आणि लघवी यातल्या युरिया, अमोनियाशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात, त्यातलं ट्रायक्लोरामाइन पाण्यात टिकत नाही, गॅस होऊन बाहेर येतं आणि हवेपेक्षा जड असल्याने पाण्याच्या अगदी वरच पसरून राहतं. पोहणारा श्वास घेतो तो नेमका तिथेच, आणि जोरात लॅप मारताना तोंडानेच घेतो, मग नाकाची गाळणी कामाला येत नाही. म्हणून काठावर बसलेल्या पालकांपेक्षा रोज जोर लावून पोहणाऱ्याला जास्त खोकला येतो. उघड्या पूलवर ऊन आणि वारा हे उडवून लावतात, आपला पूल शेडखाली आहे, त्यात थंडीत पहाटे सगळेच म्हणतात शटर पाडा, मग ते सगळं आतच कोंडतं.

हे मोजता येतं. हातभर खोलवरचं पाणी घ्यायचं, त्यात पहिली डीपीडी गोळी टाकली की जो गुलाबी रंग येतो तो फ्री क्लोरीनचा, मग त्याच पाण्यात दुसरी गोळी टाकायची. रंग होता तेवढाच राहिला तर पाणी उत्तम, गडद झाला तर जेवढा गडद झाला तेवढं क्लोरामाइन. रविवारी शेवटच्या बॅचनंतर फ्री 1.5 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 1.5 मिलिग्राम आलं आणि दुसऱ्या गोळीनंतर टोटल 2.3, म्हणजे फरक 0.8, आणि हा फरक 0.4 च्या खाली हवा. बघा, फ्री क्लोरीन जास्त नव्हतंच.

क्लोरामाइन तोडायला फरकाच्या साधारण दहापट क्लोरीन एकदम द्यावं लागतं, पूलवाले याला शॉक म्हणतात. 0.8 ची दहापट 8 पीपीएम, आपल्या 2 लाख लिटरला 1.6 किलो शुद्ध क्लोरीन, म्हणजे 65 टक्केवाली हायपो पावडर जवळपास अडीच किलो. अर्धवट दिलं तर क्लोरामाइन तुटत नाही, वास तसाच राहतो आणि लोकांना वाटतं अजून जास्त टाकलं. शॉक देताना गॅस भरपूर सुटतो, म्हणून तो रात्री पूल रिकामा असताना, पंप चालू आणि सगळी शटर उघडी ठेवूनच दिला. सकाळी फरक 0.2 आला, आणि फ्री 3 च्या आत आल्यावरच बॅच सोडली. पण शॉकने सगळंच जळत नाही, काही राहतंच, ते ताजं पाणी घालूनच पातळ होतं, दर पोहणाऱ्यामागे रोज 30 लिटर हा हिशोब आम्ही धरतो. आणि आता पहाटे समोरासमोरची दोन शटर अर्धी उघडी राहतील, खालचा एक्झॉस्टही चालू राहील. थोडं गार लागेल, पण ते करावंच लागेल.

बाकीचं पोहणाऱ्यांच्या हातात आहे आणि मला खरंच त्याची कळकळ आहे. पाण्यात उतरायच्या आधी एक मिनिट शॉवर, नुसतं डोकं ओलं करून पळायचं नाही, अंगभर. जॉगिंग करून थेट घामाने निथळत येणारे तर नक्कीच. डोक्याला तेल चोपडून येऊ नका, तेही क्लोरीन खातं आणि फिल्टरला चिकटतं. लहान मुलांना आधी टॉयलेटला न्या आणि मधे परत एकदा बाहेर काढा, पूलमध्ये सोडलेली लघवी म्हणजे क्लोरामाइनचा कच्चा माल.

तुमच्यापुरतं सांगायचं तर शटरजवळची लेन घ्या, पोहून झाल्यावर साध्या पाण्याने गुळण्या करा आणि जोराचे लॅप रविवारच्या गर्दीनंतर नको. पोहायला न आलेल्या दिवशी घसा बरा वाटतो का ते बघा, वाटत असेल तर पूलच कारण असण्याची शक्यता जास्त. पण सुट्टीच्या दिवशीही खोकला असेल, रात्री उठवत असेल, छातीत सुई सुई आवाज येत असेल किंवा दम लागत असेल तर डॉक्टरांकडे जा, दमा असला की हाच गॅस जास्त झोंबतो.

पहाटे बॅचच्या आधी काउंटरवर सांगा, तुमच्यासमोर दोन्ही गोळ्या टाकून दाखवायला सांगतो, आणि फरक 0.4 च्या वर आला तर त्या दिवशी पोहू नका, तो दिवस पासमध्ये वाढवून देऊ.