साठाने गुणायचं काम माणसाच्या गळ्यात का?

कुठलाही नकाशा उघडा, कुठलीही एक्सेल शीट घ्या, कोणाचाही सर्व्हे रिपोर्ट मागवा, कोऑर्डिनेट्स येतात ते बहुतेक दशांशात: २७.४५३६ उत्तर, ७३.३५ पूर्व. आणि काही हातातल्या जीपीएसवर वेपॉइंट, म्हणजे जायच्या जागेचा बिंदू, टाकायला गेलं की समोर तीन चौकटी. अंश, मिनिट, सेकंद, आणि सेकंदाला दशांशाचं एक घर. दशांश अंश टाकायची सोयच नाही. मग उन्हात, हातमोजे घालून, बारीक स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत माणसाने साठाने गुणत बसायचं. हा प्रकार डोक्यात जातो.

जुन्या यंत्राची मर्यादा आहे वगैरे सांगू नका. रिसीव्हरची चिप एनएमईए नावाच्या ठरलेल्या साच्यातल्या ओळी पाठवते, त्यात जागा लिहिलेली असते `ddmm.mmmm` अशी, म्हणजे अंश आणि दशांश मिनिटं. सेकंद तिथे नसतातच. ते फर्मवेअर तयार करतं, फक्त स्क्रीनवर दाखवायला. म्हणजे रूपांतर करायची अक्कल यंत्रात आधीपासून आहे, दर सेकंदाला ते करतंय. त्याहून संताप येतो तो जीपीएक्सचा, म्हणजे जीपीएसचे बिंदू साठवायच्या फाइलचा. जीपीएक्समध्ये अक्षांश-रेखांश दशांश अंशातच लिहितात, आणि फाइल आयात करणारं यंत्र ती मुकाट्याने वाचतं. केबलमधून आलेला दशांश चालतो, बोटांनी टाकलेला चालत नाही!

आधी सेटिंग्जमध्ये पोझिशन फॉरमॅट शोधा. तिथे `hddd.ddddd°` हा दशांश अंशांचा पर्याय असला तर तो निवडा आणि पुढचं सगळं सोडून द्या. नुसतं `hddd°mm'ss.s"` असेल तर पुढे वाचा.

गणित तसं दोन ओळींचं आहे. २७.४५३६ मधले २७ अंश बाजूला ठेवा. उरलेल्या ०.४५३६ ला ६० ने गुणा: २७.२१६. यातली २७ मिनिटं बाजूला, उरलेल्या ०.२१६ ला पुन्हा ६० ने गुणा: १२.९६ सेकंद. एक घर ठेवून १३.०. म्हणजे २७° २७' १३.०". एवढंच. पण या दोन ओळींत इतके खड्डे आहेत की लोक वर्षानुवर्षं त्यात पडतायत, आणि यंत्र त्यांना सावध करत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दशांशानंतरचे आकडे जसेच्या तसे चौकटीत भरणं. २७.४५३६ म्हणजे २७° ४५' ३६", असं. ४५ साठाच्या आत, ३६ साठाच्या आत, यंत्र खुशाल घेतं. खऱ्या जागेपासून हा बिंदू १८ मिनिटं २३ सेकंद लांब पडतो. अक्षांशाचं एक मिनिट सुमारे १.८५ किलोमीटर, तेव्हा चूक झाली ३४ किलोमीटरची. आकडा २७.४५८३ असता तर यंत्राने ८३ सेकंद नाकारले असते आणि चूक तिथेच कळली असती. म्हणजे चूक पकडली जाणार की नाही हे निव्वळ नशिबावर. ज्यांच्या यादीत पन्नास बिंदू आहेत त्यांचे काही नाकारले जातात, काही निमूट आत जातात, आणि लोक फक्त नाकारलेले दुरुस्त करतात! एक जरी बिंदू या कारणाने नाकारला गेला असेल तर अख्खी यादी संशयित समजा आणि पहिल्यापासून करा.

दुसरी चूक याहून बेमालूम. मधल्या पायरीवर २७.२१६ मिनिटं आली की काही जण तिथेच थांबतात आणि २७' २१.६" भरतात. दशांश मिनिटांचे आकडे सेकंदांच्या चौकटीत. खरे सेकंद १२.९६, भरले २१.६, फरक ८.६४ सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणून चूक सुमारे २६७ मीटर. ३४ किलोमीटरची चूक नकाशावर लगेच दिसते. २६७ मीटरची दिसत नाही. माणूस योग्य टेकडीवर, योग्य ओढ्याजवळ पोचतो आणि खूण सापडत नाही म्हणून झुडपं धुंडाळत बसतो, यंत्राच्या अचूकतेला शिव्या देतो. चांगल्या आकाशाखाली हातातला जीपीएस पाच-दहा मीटरच्या आसपास असतो. त्यामुळे शंभरांत मोजावी लागणारी तफावत दिसली की उपग्रहांना दोष देऊ नका, सेकंदांची चौकट तपासा.

आता साठाचा घोळ. २७.९९९९९ घ्या. मिनिटं ५९.९९९४, त्यातली ५९ घेतली, सेकंद ५९.९६४. एका घरात बसवले की ६०.०. यंत्र ६० घेत नाही. नुसता "चुकीची नोंद" असा संदेश, काय चुकलं ते सांगायचं नाही. मग माणूस वैतागून सेकंदांत शून्य भरतो आणि मिनिटं ५९ च ठेवतो. गेला एक मिनिट, म्हणजे १.८५ किलोमीटर. बरोबर उत्तर २८° ००' ००.०". सेकंद ६० झाले की मिनिटात एक वाढवायचा, मिनिटं ६० झाली की अंशात एक.

तेच साठ एक्सेलमध्ये आणखी छळतात. ७३.३५ हा आकडा सरळ दिसतो, ०.३५ गुणिले ६० बरोबर २१ मिनिटं. पण संगणकाच्या आत ७३.३५ मधून ७३ वजा केले की उरतं ०.३४९९९९९९९९९९९९४. साठाने गुणून `INT` लावला की मिनिटं येतात २०, आणि सेकंद ५९.९९९९… जे सेलमध्ये ६०.० दिसतात. सूत्रात काहीही चूक नसताना ७३° २०' ६०.०" असं उत्तर! यावर कोणी `INT` च्या जागी `ROUND` टाकतं, आणि मग २७.८७६ मिनिटांची २८ होऊन सेकंद उणे ७.४४ येतात. एक भोक बुजवायला दुसरं पाडायचं.

यावर उपाय एकच आहे आणि तो नेहमी चालतो. पूर्णांकन शेवटी नाही, सुरुवातीला करायचं. आधी पूर्ण कोनाचे सेकंदाच्या दहाव्या भागात किती भाग होतात ते काढा, तिथेच एकदा पूर्णांकन करा, आणि मग त्या पूर्ण संख्येचे तुकडे करा. साठ येऊच शकत नाही.

```
B2: =ROUND(ABS(A2)*36000,0)
C2: =INT(B2/36000)
D2: =INT(MOD(B2,36000)/600)
E2: =MOD(B2,600)/10
F2: =IF(A2<0,"S","N")
```

A2 मध्ये अक्षांश. C, D, E मध्ये अंश, मिनिटं, सेकंद. रेखांशासाठी F2 मध्ये `"W"` आणि `"E"` टाका. यंत्र नुसते पूर्ण सेकंदच घेत असेल तर 36000 च्या जागी 3600, 600 च्या जागी 60 लिहा आणि शेवटचा भागिले दहा काढून टाका. त्यात १५ मीटरपर्यंतचा फरक पडेल, तो सोसावाच लागतो. एका घराच्या सेकंदात तोच फरक जेमतेम दीड मीटर.

सूत्रात `ABS` उगाच नाही. उणे आकडे आले की नेहमीचं `INT` खाली घसरतं: −१२.७४२५ चा पूर्णांक ते −१२ नाही, −१३ देतं. मग उरलेल्या ०.२५७५ वरून १५' २७" निघतात आणि उत्तर होतं १३° १५' २७" दक्षिण. खरं उत्तर १२° ४४' ३३". ५७ किलोमीटरची फारकत. विषुववृत्ताजवळ आणखी एक गंमत नसलेली गोष्ट: −०.३५ चे अंश शून्य, आणि शून्याला उणे चिन्ह टिकत नाही. जे चिन्ह अंशांच्या सेलवर अवलंबून ठेवतात त्यांचा बिंदू गुपचूप दक्षिणेतून उत्तरेत जातो, ७८ किलोमीटर. दिशा नेहमी मूळ आकड्यावरून ठरवा, तुकड्यांवरून नाही.

आणि एवढं सगळं बरोबर करूनही शेवटी ती कीपॅड. घरं ठरलेली असतात, सेकंदांची दोन आणि एक. ४.५ सेकंद भरायचे आणि तुम्ही ४ दाबून लगेच ५ दाबलात तर कर्सर पुढच्या घरात सरकतो आणि होतात ४५.० सेकंद. साडेचाळीस सेकंद जास्त, म्हणजे सव्वा किलोमीटर. कागदावर लिहितानाच ०४.५ लिहा, रेखांशाचे अंश तीन आकडी लिहा, ०७३. त्या यंत्राला शून्य लागतात तर शून्य कागदावरच असू द्या, डोक्यात धरून ठेवू नका.

भरून झालं की उलटं तपासा: अंश अधिक मिनिटं भागिले ६० अधिक सेकंद भागिले ३६००, आणि दिशा दक्षिण किंवा पश्चिम असेल तर उत्तराला उणे चिन्ह. मूळ आकड्याशी फरक ०.००००१५ च्या आत हवा. २७ अधिक २७/६० अधिक १३/३६०० म्हणजे २७.४५३६१, बरोबर. हे कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतं आणि वर सांगितलेल्या सगळ्या चुका यात सापडतात. फक्त एक अट: आकडे यंत्राच्या स्क्रीनवरून वाचा, कागदावरून नाही, नाहीतर कीपॅडची चूक तशीच राहील.

बिंदू दहापेक्षा जास्त असतील आणि यंत्राला केबल किंवा कार्ड लागत असेल तर बोटांनी भरूच नका. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये हे लिहा, `.gpx` नावाने साठवा आणि यंत्रात टाका:

```
<gpx version="1.1" creator="x"
 xmlns="http://www.topografix.com/GPX/1/1">
<wpt lat="27.4536" lon="73.35"><name>P01</name></wpt>
</gpx>
```

प्रत्येक बिंदूला एक `wpt` ओळ. दक्षिण आणि पश्चिमेला उणे चिन्ह.

आणि आकडे पाठवणाऱ्यांनो, दशांशानंतर बारा-बारा घरं पाठवणं बंद करा. पाचवं घर म्हणजे सुमारे १.१ मीटर, त्यापुढचं हातातल्या यंत्राला दिसतही नाही. उलट प्रत्येक जादा आकडा वाचणाऱ्याच्या बोटाला चुकायची एक संधी देतो. पाच घरं पाठवा, पण ती दशांश अंश आहेत की दशांश मिनिटं हे शेजारी लिहा. २७.२१६ असा नुसता आकडा आला तर तो २७ अंशांपुढचा अपूर्णांक आहे की अंश गाळून पाठवलेली मिनिटं, हे समोरच्याने कशावरून ओळखायचं?